नवजात बाळाच्या छातीची फिल्म आणि आरडीएस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, नवीन आलेले ज्युनिअर डॉक्टर रात्री-अपरात्री मला फिल्मचे फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ असते, "मॅडम, आरडीएस आहे ना?" त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केलीयेत. सगळे आजार यात नाहीयेत. कमी दिवसांचं बाळ, श्वासाचा त्रास, फिल्मवर धुरकट पांढरेपणा आणि त्यात काळ्या फांद्या, एवढ्याच चित्राबद्दल आहे.

फिल्म हातात आली की पहिल्यांदा काय बघायचं?

फिल्म नाही, आधी बाळाची माहिती. बाळ किती आठवड्यांचं, जन्माला किती तास झाले, आणि फिल्म काढली तेव्हा श्वासाला कसला आधार चालू होता, सीपॅप म्हणजे नाकातून दिलेली प्रेशरची हवा, की व्हेंटिलेटर, की नुसता ऑक्सिजन. या तीन गोष्टी माहीत नसतील तर मी फिल्मवर मत देत नाही, कारण तोच धुरकटपणा तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या दोन तासांच्या बाळात एक सांगतो आणि चाळिसाव्या आठवड्याच्या बाळात तिसऱ्या दिवशी भलतंच काहीतरी सांगतो.

तासांचं महत्त्व तर फार आहे. आरडीएस म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणारं सरफॅक्टंट कमी पडणं, आणि ते कमी असतं ते जन्मल्या क्षणापासूनच, त्यामुळे त्रास पहिल्या मिनिटांत-तासांत सुरू होतो आणि दोन-तीन दिवस वाढत जाऊन मग उतरतो. बाळ बारा तास छान होतं आणि मग धापा टाकायला लागलं असं कोणी सांगितलं तर फिल्म कितीही आरडीएससारखी दिसो, माझ्या डोक्यात आधी इन्फेक्शन येतं. उलट बाजूने, सहा तासांच्या पुढची फिल्म कुठल्याही आधाराशिवाय स्वच्छ असेल तर आरडीएस जवळपास बाद होतो.

फिल्म नीट निघालीये की नाही हे कसं ओळखायचं? सगळ्याच पांढऱ्या वाटतात.

हा प्रश्न विचारणाऱ्याला माझ्याकडून चहा, कारण अर्ध्या चुका इथेच होतात.

पहिलं म्हणजे श्वास. मागच्या बाजूच्या बरगड्या मोजा, वरून खाली, उजव्या बाजूला, डायफ्रामच्या घुमटापर्यंत. बऱ्यापैकी आत घेतलेल्या श्वासात आठ बरगड्या तरी दिसल्या पाहिजेत. सहाच दिसत असतील तर दोन शक्यता आहेत, एक तर फुप्फुसं खरंच फुगत नाहीयेत, नाहीतर बाळ रडताना श्वास सोडत होतं आणि नेमकं तेव्हा बटण दाबलं गेलं. श्वास सोडलेल्या फिल्ममध्ये निरोगी बाळाची छातीसुद्धा पांढरीफटक दिसते, हृदय मोठं दिसतं, आणि श्वासनलिका गळ्याजवळ बहुतेक उजवीकडे वाकलेली दिसते. हे वाकणं बघायची सवय लावा, बाळांमध्ये श्वास सोडताना ती अशी वाकते आणि घाबरण्यासारखं त्यात काही नसतं.

मी शिकत असताना अशाच एका फिल्मवर ठासून "सिव्हिअर आरडीएस, व्हाइट आउट" लिहिलं होतं. बाळ मात्र बिनऑक्सिजन गुलाबी होतं आणि शांतपणे दूध पीत होतं. सिनिअर काही बोलले नाहीत, फक्त दुसरी फिल्म काढायला लावली. त्यात नऊ बरगड्या आणि दोन्ही फुप्फुसं काळीभोर.

दुसरं म्हणजे बाळ वाकडं होतं का. दोन्हीकडच्या बरगड्यांची पुढची टोकं मणक्यापासून साधारण सारख्या अंतरावर हवीत. बाळाची मान वळली की अख्खी छाती वळते आणि मग एक फुप्फुस काळं आणि एक पांढरं दिसतं, त्यात आजार काहीच नसतो. तिसरं म्हणजे एक्स्पोजर, हृदयाच्या मागे मणक्यांमधल्या फटी पुसट का होईना दिसायला हव्यात, त्या अजिबात दिसत नसतील तर फिल्मच कमी भाजलेली आहे आणि सगळंच धुरकट दिसणार. डिजिटलमध्ये स्क्रीनवर ब्राइटनेस फिरवून काहीही काळं-पांढरं करता येतं, म्हणून मोबाइलवर आलेल्या फोटोवरून मी "हेझ आहे" असं कधीच म्हणत नाही, फार तर "असावा" म्हणते.

ग्राउंड ग्लास म्हणजे नक्की काय बघायचं?

बाथरूमच्या खिडकीला बसवतात ती दुधी काच आठवा. पलीकडचं पूर्ण झाकलं जात नाही पण कडा विरघळतात. आरडीएसमधला पांढरेपणा तसा असतो, आणि जवळून बघितलं तर तो एकसारखा पांढरा नसून बारीक रवाळ असतो. रवाळ का, तर सरफॅक्टंट नसल्यामुळे हवेच्या पिशव्या श्वास सोडला की मिटतात आणि परत उघडत नाहीत, पण त्यांच्याकडे जाणाऱ्या बारीक वाटा हवेने ताणलेल्या राहतात. मिटलेला ठिपका पांढरा, ताणलेला ठिपका काळा, असे लाखो ठिपके एकमेकांवर पडले की रवा पसरल्यासारखं दिसतं.

यातून पुढच्या दोन गोष्टी आपोआप येतात. सरफॅक्टंट सगळीकडेच कमी असतं, त्यामुळे हा रवा दोन्ही बाजूंना आणि वरपासून खालपर्यंत साधारण सारखाच असायला हवा. एकाच बाजूला किंवा एकाच कोपऱ्यात असेल तर दुसरं कारण शोधा, बाळाला आधी सरफॅक्टंट दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येते. आणि पिशव्या मिटल्यामुळे फुप्फुस लहान होणारच. पांढरं आणि लहान, ही जोडी आहे. पांढरं आणि मोठं दिसलं की थांबायचं. माझं प्रामाणिक मत असं आहे की नवशिक्यांनी पांढरेपणावर जेवढं लक्ष द्यावं त्याच्या दुप्पट फुप्फुसाच्या साइजवर द्यावं, कारण पांढरेपणा मशीन बदललं तरी बदलतो, बरगड्यांचा आकडा बदलत नाही.

जुन्या लोकांच्या तोंडी अजून हायलाइन मेंब्रेन डिसीज हे नाव असतं, आजार तोच. तो पडदा मायक्रोस्कोपखाली दिसतो, फिल्मवर नाही, म्हणून रिपोर्टमध्ये "मेंब्रेन दिसतोय" असं लिहू नका, मी खरंच वाचलंय असं.

एअर ब्रॉन्कोग्राम का दिसतो? आणि हृदयामागे दिसला तर तो धरायचा का?

नळीत हवा, आजूबाजूच्या फुप्फुसातही हवा, म्हणून एरवी श्वासाच्या फांद्या फिल्मवर दिसतच नाहीत, काळ्यावर काळं कसं दिसणार. आजूबाजूची हवा गेली आणि नळीतली तेवढी राहिली की पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी फांदी उठून दिसते. म्हणजे काळी फांदी स्वतः निरोगीच आहे, ती बातमी देते शेजाऱ्यांची.

आता हृदयामागचं. डाव्या खालच्या भागातली नळी हृदयाच्या पांढऱ्या सावलीवर पडते, त्यामुळे तिथे एक-दोन काळ्या रेघा अगदी निरोगी बाळातही दिसतात. त्या धरायच्या नाहीत. मुख्य श्वासनलिका आणि तिचे पहिले दोन फाटे मध्यभागी दिसतात तेही धरायचे नाहीत. हृदयाची कड ओलांडून फांदी बाहेर फुप्फुसाच्या भागात गेली, पुढे तिला अजून फाटे फुटले, आणि हे दोन्ही बाजूंना दिसलं, तर धरायचं. मी बोट ठेवून फांदीचा माग काढते, ती कुठे संपते ते बघते.

फांदीचा आकारही बघा. खरा एअर ब्रॉन्कोग्राम झाडासारखा असतो, बाहेर जाताना बारीक होत जातो आणि वाय आकारात फुटतो. व्हेंटिलेटरवर असलेल्या बाळात कधीकधी काळ्या रेघा आणि बुडबुडे दिसतात पण ते वेडेवाकडे असतात, बारीक होत नाहीत, नीट फाटे फुटत नाहीत आणि थेट कडेपर्यंत तसेच पोचतात. ती पिशव्यांमधून फुटून फुप्फुसाच्या जाळीत शिरलेली हवा असते, त्याला पीआयई म्हणतात, आणि तिथे तुमचं पुढचं पाऊल एकदम उलटं असतं, प्रेशर कमी करायचा विचार करावा लागतो. दोन्हींना नुसतं "काळ्या रेघा" म्हणून सोडलं तर बाळाचं नुकसान होतं.

ग्रेड लिहायची का?

लिहायची पद्धत आहे, चार पायऱ्या आहेत. पहिलीत नुसता बारीक रवा. दुसरीत हृदयाबाहेर गेलेल्या काळ्या फांद्या. तिसरीत हृदयाची आणि डायफ्रामची कड पुसट. चौथीत हृदय कुठे आणि फुप्फुस कुठे कळतच नाही, ते व्हाइट आउट. लिहा हरकत नाही, पण ग्रेड म्हणजे त्या क्षणाचा फोटो. सीपॅपचं प्रेशर वाढवून अर्ध्या तासाने फिल्म काढली तर तिसरीची दुसरी होऊ शकते, सरफॅक्टंट मात्र आतमध्ये तेवढंच कमी असतं. त्यामुळे ग्रेडच्या शेजारी "सीपॅप ६ वर" असं लिहिलं नसेल तर त्या ग्रेडला फारसा अर्थ नाही.

बाळ सीपॅपवर आहे आणि आठ बरगड्या दिसतायत, मग आरडीएस नाही असं म्हणू का?

नाही. वरच्याच उत्तराचा हा पुढचा भाग. सीपॅपचं कामच मिटणाऱ्या पिशव्या उघड्या ठेवणं आहे, ते काम जमलं तर फुप्फुस मोठं दिसणारच. अशा फिल्ममध्ये रवा हलकासा शिल्लक असतो, फांद्या पुसट असतात, आणि ऑक्सिजन मात्र ३० टक्क्यांच्या वर लागत असतो. तिथे ऑक्सिजनच्या आकड्यावर विश्वास ठेवा, फिल्मवर नाही. पुस्तकात छापलेली घंटेच्या आकाराची लहान छाती आणि पांढरीफटक फुप्फुसं आता कमी दिसतात, कारण आईला आधी स्टिरॉइड मिळालेलं असतं आणि बाळाला जन्मल्याबरोबर सीपॅप लागतो.

एक पूर्ण केस सांगाल का, पहिल्या फिल्मपासून?

सांगते. दोन-तीन बाळं मिसळलीयेत, त्यामुळे कोणी ओळखायचा प्रयत्न करू नका.

तीस आठवड्यांचं बाळ, वजन १३०० ग्रॅम. आईला कळा घेऊनच आणलं, स्टिरॉइडचा एकच डोस आणि तोही डिलिव्हरीच्या जेमतेम तीन तास आधी, म्हणजे त्याचा फायदा फारसा मिळालेला नाही. बाळ रडलं, पण वीस मिनिटांत कण्हायला लागलं, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायला लागली. सीपॅप ६ वर ठेवलं. दोन तासांनी ऑक्सिजन ३० वरून ४० टक्क्यांवर गेला आणि पहिली फिल्म काढली.

मी मोठ्याने वाचते तशीच लिहिते. बाळ सरळ आहे, बरगड्यांची टोकं सारखी. मणक्यांच्या फटी दिसतायत, म्हणजे एक्स्पोजर ठीक. उजवीकडे बरगड्या सात, तेही सीपॅप चालू असताना, म्हणजे लहान. दोन्हीकडे वरपासून खालपर्यंत बारीक रवा. उजवीकडे हृदयाची कड ओलांडून दोन फांद्या बाहेर गेल्यात, डावीकडे हृदयाच्या बाहेर एक. हृदयाची उजवी कड पुसट झालीये, डायफ्राम अजून दिसतोय. दोन्ही बाजूंना पाणी नाही. हृदयाच्या वरती रुंद सावली आहे ती थायमस, बाळाला ती असतेच, तिला गाठ समजू नका. पोटातली नळी पोटात आहे, आणि पोटात हवा बरीच आहे पण सीपॅपवर ती असतेच. नाळेतून घातलेल्या शिरेच्या नळीचं टोक डायफ्रामच्या किंचित वर, बरोबर जागी.

आता यातून काय निघालं? तीस आठवडे, पहिल्या मिनिटांपासून त्रास, लहान फुप्फुसं, दोन्हीकडे सारखा रवा, बाहेर गेलेल्या फांद्या. आरडीएस. सरफॅक्टंट दिलं, किलोला २०० मिलिग्रॅमच्या हिशोबाने पोरॅक्टंट २६० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वातीन मिली, बाळ स्वतः श्वास घेत असताना बारीक कॅथेटरने. तासाभरात ऑक्सिजन २५ टक्क्यांवर आला. अँटिबायोटिक पण चालू केलं, का ते न्यूमोनियाच्या प्रश्नात.

आठ तासांची दुसरी फिल्म. उजवं फुप्फुस जवळजवळ काळं, डाव्या खालच्या भागात अजून रवा. ड्यूटीवरचा मुलगा म्हणाला, मॅडम एका बाजूला न्यूमोनिया झाला वाटतं. नाही झाला. सरफॅक्टंट पातळ औषध आहे, ते सगळीकडे सारखं पोचत नाही, बऱ्याचदा उजवीकडे जास्त जातं कारण उजवी नळी सरळ खाली उतरते. जिथे पोचलं तिथे पिशव्या उघडल्या, जिथे कमी पोचलं तिथे रवा राहिला. बाळ २५ टक्क्यांवर आरामात आहे, म्हणजे ही अर्धीमुर्धी स्वच्छता चांगली बातमी आहे. बाळाच्या घशात व्हेंटिलेटरची नळी असती तर मात्र मी आधी नळीचं टोक बघितलं असतं, कारण ती खोल जाऊन उजव्या फाट्यात शिरली तर सरफॅक्टंट फक्त उजवीकडे जातं आणि डावं फुप्फुस मिटून पांढरं होतं, आणि ते चित्र वरवर असंच दिसतं.

अठ्ठाविसाव्या तासाला बाळ अचानक निळसर पडलं, ऑक्सिजन ६० टक्के. तिसरी फिल्म. उजवी बाजू आणखी काळी, डावीकडे रवा वाढलेला. पहिली प्रतिक्रिया काय आली तर "उजवं अजून सुधारलं, डावं बिघडलं, सरफॅक्टंटचा दुसरा डोस देऊया." एका मिनिटासाठी मलाही ते पटलं होतं.

मग नेहमीसारखं बोट ठेवून बघितलं. दुसऱ्या फिल्ममध्ये उजवं फुप्फुस काळं होतं पण त्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या रेषा होत्या. या फिल्ममध्ये हृदयाला लागून एक काळा पट्टा होता ज्यात काहीच नव्हतं, ना रेषा ना रवा, आणि हृदयाची उजवी कड जी पहिल्या दिवशी पुसट होती ती आता ब्लेडने कापल्यासारखी धारदार. उजवा डायफ्राम खाली दबलेला, बरगड्यांजवळचा कोपरा खोल आणि काळा. हृदय थोडं डावीकडे सरकलेलं, आणि डावं जास्त पांढरं दिसत होतं ते निम्मं त्या ढकलण्यामुळेच. उजव्या बाजूचा न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसातून निसटून छातीत साठलेली हवा.

लोक चकतात कारण मोठ्या माणसाच्या फिल्ममध्ये हवा वरती आणि बाहेरच्या कडेला शोधायची सवय असते. बाळ पाठीवर झोपलेलं असतं, हवा वर चढते म्हणजे छातीच्या पुढच्या बाजूला आणि मध्यभागी, हृदयाशेजारी, जमा होते. शिवाय आरडीएसचं फुप्फुस कडक असतं, बाहेर हवा जमली तरी ते मिटून गोळा होत नाही, तिथेच धरून राहतं, त्यामुळे पुस्तकातली फुप्फुसाची सुटलेली कड दिसतच नाही. पुसट असलेली हृदयाची कड एका बाजूला अचानक स्पष्ट झाली तर आनंद मानायच्या आधी हवा शोधा. खोलीतले दिवे बंद करून छातीवर थंड प्रकाशाचा टॉर्च लावला, उजवी बाजू लालसर उजळली. बाळ ढासळत होतं म्हणून दुसऱ्या फिल्मसाठी न थांबता सुईने हवा काढली आणि नंतर ड्रेन टाकला. बाळ स्थिर असेल आणि शंका असेल तर शंकेची बाजू वर करून कुशीवर झोपवायचं आणि आडव्या किरणांनी फिल्म काढायची.

न्यूमोनिया आहे की आरडीएस, फिल्मवरून कसं सांगायचं?

बऱ्याचदा नाही सांगता येत, आणि जो खात्रीने सांगतो त्याच्यापासून जरा जपून. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसचा न्यूमोनिया हुबेहूब असाच रवा आणि अशाच फांद्या दाखवू शकतो. फुप्फुसाभोवती पाणी दिसलं तर वजन न्यूमोनियाकडे झुकतं, कारण आरडीएसमध्ये पाणी सहसा नसतं. रवा एकसारखा नसून ठिगळठिगळ असला, किंवा आईला ताप, पाणी खूप आधी फुटलेलं, बाळ दिवसांनी जवळजवळ पूर्ण, असं काही असलं तरीही झुकतं. पण हे नसलं म्हणून न्यूमोनिया नाही असं होत नाही, म्हणून कळा लवकर का आल्या हे माहीत नसलेल्या बाळाला ब्लड कल्चर पाठवून अँटिबायोटिक चालू करतात, आणि कल्चर स्वच्छ आलं, बाळही ठीक असलं की बंद करतात. वरच्या केसमध्ये तेच केलं.

आणि टीटीएन?

फुप्फुसातलं पाणी उशिरा वाळणं. बाळ बहुतेक पूर्ण दिवसांचं किंवा जरा आधीचं, बऱ्याचदा कळा न येता सिझेरियन झालेलं. फुप्फुस मोठं, नऊ-दहा बरगड्या, मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रेघा, फुप्फुसाच्या भागांमधल्या फटीत पाण्याची बारीक रेष. दोन-तीन दिवसांत साफ. चौतीस-पस्तीस आठवड्यांच्या बाळात पहिल्या दोन तासांत दोन्ही चित्रं मिसळलेली दिसतात, तिथे घाई न करता बरगड्या मोजा आणि चार-सहा तासांनी ऑक्सिजन वर चाललाय की खाली ते बघा.

फिल्म आरडीएसची, सरफॅक्टंट दोनदा दिलं, ऑक्सिजन १०० टक्के, तरी फरक नाही. आता?

आता हृदयाकडे बघा. दोन्हीकडे धुरकट आणि हृदय लहान, असं चित्र फुप्फुसातून परत येणाऱ्या शिरा चुकीच्या जागी जोडलेल्या आणि शिवाय त्यांची वाट अडलेली असली तरी दिसतं, म्हणजे अडथळा असलेलं टीएपीव्हीसी. रक्त फुप्फुसात तुंबतं आणि तो ओलावा दुधी काचेसारखा दिसतो. बाळ पूर्ण दिवसांचं असेल तर ही शंका आणखी लवकर यायला हवी, कारण पूर्ण दिवसांच्या बाळात साधा आरडीएस क्वचितच होतो, आईला डायबिटिस असेल तर जरा जास्त. लगेच इको करायचं, तिसऱ्या डोसची वाट बघायची नाही.

आधी साफ झालेली फिल्म तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत धुरकट झाली आणि हृदय मोठं दिसायला लागलं तर डक्टस, म्हणजे जन्मानंतर बंद व्हायला हवी ती हृदयाजवळची रक्तवाहिनी, उघडा राहिलाय का बघा, तेही इकोनेच. आणि अचानक पांढरं होऊन घशातून रक्ताळ फेस आला तर फुप्फुसातला रक्तस्राव, त्याला फिल्मची गरजच नसते.

सरफॅक्टंट द्यायला फिल्मची वाट बघायची का?

नाही. कमी दिवसांचं बाळ, सीपॅप ६ किंवा त्याच्या वर असूनही ऑक्सिजन ३० टक्क्यांपेक्षा जास्त लागतोय आणि वाढतोय, एवढं पुरतं. फिल्म निघेपर्यंत तास गेला तर तो तास बाळाचा गेला. फिल्मचा उपयोग दुसरा काही आजार नाही ना हे बघायला, नळ्या कुठे आहेत हे बघायला, आणि पुढच्या फिल्मशी तुलना करायला. १९५९ मध्ये अ‍ॅव्हरी आणि मीड यांनी या बाळांच्या फुप्फुसात सरफॅक्टंट कमी असतं हे दाखवलं, आणि १९८० मध्ये फुजिवारा यांच्या टीमने ते बाळांना देऊन दाखवलं. मधली वीस वर्षं डॉक्टर फिल्म बघून निदान करत होते आणि कमी असलेली गोष्ट द्यायला हातात नव्हती, तेव्हा आता हातात असताना फिल्मसाठी थांबू नका.

फुप्फुसाच्या अल्ट्रासाउंडने हे सगळं कळत नाही का?

बरंचसं कळतं, हात बसला असेल तर न्यूमोथोरॅक्सपण कळतो आणि किरण लागत नाहीत. नळीचं टोक आणि एकूण फुप्फुसाची साइज मात्र फिल्मवर सोपी पडते. आम्ही दोन्ही वापरतो.

आम्ही आई-बाबा आहोत. फिल्ममध्ये फुप्फुसं पांढरी दाखवली, म्हणजे ती खराब झालीत का? आणि एवढ्या फिल्म काढल्या तर बाळाला किरणांचा त्रास होईल का?

खराब नाही, मिटलेली आहेत. ओला फुगा आतून चिकटला की फुगवायला जोर लागतो तसं समजा. औषध आतून चिकटपणा कमी करतं आणि प्रेशरची हवा तो फुगा परत मिटू देत नाही, आणि दोन-तीन दिवसांत बाळ स्वतः सरफॅक्टंट बनवायला लागतं. बाळ खूपच कमी दिवसांचं असेल तर रस्ता लांबतो, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, फिल्मवरून त्याचं उत्तर मिळत नाही.

किरणांचं म्हणाल तर छातीच्या एका फिल्ममध्ये साधारण तेवढे किरण मिळतात जेवढे कोणालाही आजूबाजूच्या निसर्गातून काही दिवसांत मिळतातच. तरी उगाच रोज काढू नये हे खरं. ही फिल्म कशासाठी काढताय हे डॉक्टरांना जरूर विचारा, त्याचं उत्तर एका वाक्यात मिळायला हवं, जसं "नळी जागेवर आहे का बघायचंय" किंवा "अचानक ऑक्सिजन वाढलाय, हवा बाहेर आलीये का बघायचंय". फिल्म काढताना बाळाला धरायला तुम्हाला बोलावलं तर अंगावर शिशाचा एप्रन मागा, आणि बाळाची आई परत गरोदर असण्याची शक्यता असेल तर तिने धरू नये.

फिल्मवर छातीच्या मधोमध एक गोल काळं भोक दिसतंय, ते काय?

इन्क्युबेटरच्या झाकणाचं भोक. बाळाला बाहेर न काढता वरून फिल्म घेतली की ते छातीवर पडतं, आणि दर सहा महिन्यांनी कोणीतरी नवीन मला ते "सिस्ट" म्हणून पाठवतं. कातडीची घडी पण अशीच फसवते, ती लांब रेघ बनून न्यूमोथोरॅक्सच्या कडेसारखी दिसते. तिचा माग काढा, ती छातीच्या बाहेर पोटावर किंवा काखेत गेली तर ती घडीच, फुप्फुसाची कड छाती सोडून बाहेर जात नाही.